फवारणी पंपाची लिस्टिंग लिहिताना: टाकी, गुंठे आणि सुटे भाग

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, लोहार चाळ किंवा मस्जिद बंदरच्या गाळ्यांतून पाठीवरचे बॅटरी पंप ऑनलाइन विकले जातात. ते घेणारा शेतकरी पालघर, मुरबाड, शहापूर, कर्जतचा असतो. तो पंप हातात घेऊन पाहत नाही, लिस्टिंग वाचून पैसे भरतो. तिथे बहुतेक वेळा छापलेलं असतं ‘16 लिटर, डबल मोटर, हाय प्रेशर, एका चार्जिंगमध्ये 20 टाक्या, 1 एकर कव्हरेज’. यातला एकही आकडा शेतात वापरता येत नाही. खाली 16 लिटरचा, 12 व्होल्ट 8 अँपियर-तास बॅटरीचा एक पंप उदाहरणाला घेऊन त्याची लिस्टिंग सुरुवातीपासून तयार केली आहे. लागणारं सामान साधं आहे: 1 लिटरचं मापाचं भांडं, मोबाइलमधलं घड्याळ, मोजपट्टी, व्हर्नियर आणि इमारतीची गच्ची. सगळ्या चाचण्या साध्या पाण्याने करायच्या.

टाकी किती लिटरची, हे आधी मोजा

टाकीचं माप नीट लिहायचं कारण औषधाच्या मात्रेत आहे. आपल्याकडे शेतकरी मात्रा लिटरमागे विचारत नाही, ‘पंपाला किती टाकू?’ असं विचारतो. दुकानदारही ‘पंपाला 30 मिली’ असंच सांगतो, आणि त्याच्या डोक्यात बहुधा 15 लिटरचा पंप असतो. लिटरमागे 2 मिली मात्रा असेल तर 15 लिटरला 30 मिली बरोबर बसतं. तोच शेतकरी 20 लिटरची टाकी घेऊन गेला आणि त्याने 30 मिलीच टाकलं, तर लिटरमागे दीडच मिली पडतं आणि कीड मरत नाही. उलट टाकीवर 16 छापलेलं असून आत खरं 14 लिटर मावत असेल, तर 16 च्या हिशोबाने टाकलेलं 32 मिली औषध 14 लिटरमध्ये जातं. म्हणजे लिटरमागे 2.3 मिली. कोवळ्या रोपांची पानं करपायला अशी चूक पुरते.

म्हणून पंप सपाट जागेवर ठेवा, तोंडावरची जाळी जागेवर असू द्या आणि 1 लिटरच्या भांड्याने मोजून पाणी ओता. प्रत्येक लिटरला टाकीवरच्या खुणेकडे बघा. प्लास्टिकच्या टाकीवरच्या खुणा साच्यात उमटलेल्या असतात आणि त्या नेहमीच अचूक नसतात. समजा आपल्या पंपात 15 च्या खुणेपर्यंत खरोखर 15 लिटर बसलं, 16 च्या खुणेपर्यंत 15.8 आणि काठोकाठ 16.6. आता झाकण लावून पंप पाठीवर घ्या आणि वाकून उठा. काठोकाठ भरलेला पंप झाकणाच्या हवेच्या भोकातून मानेवर सांडतो. औषधाचं पाणी मानेवर येणं म्हणजे विषबाधेला आमंत्रण आहे, त्यामुळे काठोकाठचा आकडा लिस्टिंगमध्ये कुठेही येता कामा नये.

नंतर नोझलमधून पाणी सोडत राहा. पंप हवा ओढू लागला की मोटरचा आवाज बदलतो आणि फवारा तुटक होतो. तिथे थांबा आणि तळाशी उरलेलं पाणी भांड्यात ओतून मोजा. समजा 350 मिली निघालं. हा आकडा कुणी लिहीत नाही, पण तो लिहायलाच हवा. टाकीत उरलेलं 350 मिली तणनाशक नीट धुतलं नाही तर पुढच्या फवारणीत भेंडीवर, टोमॅटोवर जातं. 2,4-डी सारख्या तणनाशकाचा थोडा अंशही या पिकांची पानं वळवतो. ‘तळाशी सुमारे 350 मिली उरतं, तणनाशक मारल्यावर तीनदा धुवा, जमलं तर तणनाशकाला वेगळा पंप ठेवा’ एवढं एक वाक्य पुरेसं आहे.

भरलेल्या पंपाचं वजनही इथेच येतं. 15 लिटर पाणी म्हणजे 15 किलो. रिकामा पंप बॅटरीसकट वजनकाट्यावर ठेवा. तो 6 किलो भरला तर पाठीवर 21 किलो येणार. घरातलं कोण फवारणी करणार आहे ते शेतकऱ्याला ठाऊक असतं, त्याला फक्त हा आकडा हवा असतो.

‘1 एकर कव्हरेज’ऐवजी काय लिहावं

किती क्षेत्र होईल हे टाकीवरून ठरत नाही. नोझलमधून मिनिटाला किती पाणी निघतं, एका फेरीत किती रुंद पट्टा भिजतो आणि माणूस किती वेगाने चालतो, या तीन गोष्टींवर ते ठरतं. तिन्ही गच्चीवर मोजता येतात.

पहिली गोष्ट, पाणी. बॅटरी पूर्ण चार्ज करा, पंपासोबत येणारं पोकळ शंकूचं, म्हणजे गोल फवाऱ्याचं नोझल लावा, रेग्युलेटर रोजच्या वापराच्या जागी ठेवा आणि नोझल भांड्यात धरून बरोबर 1 मिनिट सोडा. तीनदा करा. समजा 740, 760 आणि 750 मिली आलं. सरासरी 750 मिली. लिस्टिंगमध्ये बऱ्याचदा ‘4 लिटर प्रति मिनिट’ असं दिसतं. तो आकडा नोझल काढून, उघड्या नळीतून मोजलेला असतो. शेतात कुणी उघड्या नळीने फवारत नाही.

दुसरी गोष्ट, पट्टा. कोरड्या लादीवर नोझल कमरेच्या उंचीवरून पिकावर धरतात तसं धरा, चालत फवारा आणि भिजलेल्या पट्ट्याची रुंदी मोजपट्टीने मोजा. कडेला विरळ थेंब पडलेले असतात. ते सोडून, एकसारखा भिजलेला भागच धरायचा. ओळीच्या पिकात मात्र पट्ट्यापेक्षा ओळींमधलं अंतर महत्त्वाचं ठरतं, कारण माणूस एकेक ओळ घेत जातो. भेंडीच्या ओळी 60 सेंटिमीटरवर असतील तर एका फेरीत 60 सेंटिमीटरच धरा, मग फवारा त्याहून रुंद पडला तरी.

तिसरी गोष्ट, चाल. गच्चीवर 10 मीटरच्या दोन खुणा करा, पंप भरून पाठीवर घ्या आणि वेळ घ्या. रिकाम्या पंपाने घेतलेली वेळ खोटी येते, कारण 21 किलो पाठीवर असताना पाय जड पडतो. शेतात ढेकळं आणि चिखल असतो, त्यामुळे गच्चीवरच्या वेगापेक्षा थोडा कमीच धरा. भरलेल्या पिकात, पानांच्या खालच्या बाजूला फवारा पोचवत चालणारा माणूस मिनिटाला 25 मीटरच्या आसपास जातो. मोकळ्या जमिनीवर तणनाशक मारताना तोच 40 मीटर जातो.

आता भेंडीचा हिशोब करू. मिनिटाला 25 मीटर चाल आणि 0.6 मीटर ओळ, म्हणजे 15 चौरस मीटर. तेवढ्यात 750 मिली पाणी जातं. 15 लिटर संपायला 20 मिनिटं लागतात आणि 20 मिनिटांत 300 चौरस मीटर होतं. 1 गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर, म्हणून एका टाकीत 3 गुंठे. एकराचे 40 गुंठे, म्हणजे एकराला साडेतेरा टाक्या, साधारण 200 लिटर पाणी. हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण बऱ्याच कीटकनाशकांच्या लेबलवर हेक्टरी 500 लिटर पाणी सांगितलेलं असतं आणि ते एकरी 200 लिटरच होतं. आपलं मोजमाप लेबलशी जुळतं, तेव्हा चाल आणि नोझल दोन्ही ठीक आहेत.

आता याच पंपावर ‘1 टाकी = 1 एकर’ असं लिहिलं तर काय होईल ते बघा. 15 लिटर 40 गुंठ्यांत पुरवायला शेतकऱ्याला जवळजवळ पळावं लागेल, किंवा तो टाकीत साडेतेरापट औषध घालेल. जो विश्वास ठेवील त्याचं पीक जाईल, आणि ज्याला खरं माहीत आहे तो पहिल्याच ओळीवर लिस्टिंग बंद करील.

तणनाशकाचा आकडा वेगळा द्या. सपाट फवाऱ्याच्या नोझलने मिनिटाला 800 मिली निघतं असं धरू. पट्टा 1 मीटर, चाल 40 मीटर, म्हणजे मिनिटाला 40 चौरस मीटर. 15 लिटर पावणेएकोणीस मिनिटं चालतं, त्यात 750 चौरस मीटर होतं. गुंठ्यात साडेसातच्या जरा खाली. लिहिताना 7 लिहा. आकडा नेहमी खाली पूर्ण करावा, कारण औषध कमी पडून अर्धा वाफा कोरडा राहण्यापेक्षा थोडं पाणी उरलेलं परवडतं.

झाडांसाठी गुंठे लिहू नका, उंची लिहा. गच्चीच्या टाकीच्या खोलीला लागून उभे राहा, लान्स वर धरून भिंतीवर फवारा आणि एकसारखं भिजलेलं टोक जमिनीपासून मोजा. 3 मीटर आलं तर ‘10 फुटांपर्यंतच्या झाडाला चालतो’ असं लिहा आणि लगेच पुढे ‘मोठ्या चिकू-आंब्याला नाही, त्याला एचटीपी पंप लागतो’ असंही. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाडीत हा पंप पाठवून परत मागवण्यापेक्षा तो विकला न गेलेला बरा.

आणि ज्याला खिडकीतल्या दहा कुंड्यांना पाणी फवारायचं आहे, अशा मुंबईकरासाठीही एक ओळ हवी: कुंड्यांना हा पंप नको, 2 लिटरचा हातपंप घ्या.

बॅटरी: किती टाक्या चालते

‘एका चार्जिंगमध्ये 20 टाक्या’ हा आकडा वहीवरच तपासता येतो. आपल्या नोझलने एक टाकी 20 मिनिटांत रिकामी होते, म्हणजे 20 टाक्यांना 400 मिनिटं, पावणेसात तास लागतील. 8 अँपियर-तासांची बॅटरी 2 अँपियर ओढणाऱ्या पंपाला कागदावर 4 तास पुरते, म्हणजे 12 टाक्या. प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच. खात्रीसाठी बॅटरी भरून पंप सलग चालवा, दर दोन टाक्यांनी नोझलखाली 1 मिनिटाचं माप घ्या. 750 चं 675 मिलीच्या खाली गेलं की चाचणी थांबवा. तिथून पुढे पंप चालू दिसतो पण फवारा जाड पडतो आणि थेंब पानावरून ओघळतात. त्याआधी 11 टाक्या झाल्या असतील तर ‘नवी बॅटरी, 11 टाक्या, म्हणजे भेंडीचे साधारण 33 गुंठे’ असं लिहा.

बॅटरी शिसे-आम्लाची आहे की लिथियमची, हे पहिल्या पाच ओळींत यायला हवं. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी ठेवून दिली की आतल्या पत्र्यांवर थर बसतो आणि ती परत पूर्ण भरत नाही. हंगाम संपल्यावर पंप माळ्यावर टाकून पुढच्या जूनला काढणारे ‘बॅटरी खराब निघाली’ म्हणून फोन करतात. ‘वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा’ हे वाक्य वॉरंटीच्या अटींत लपवू नका, बॅटरीच्या ओळीलाच जोडा.

सुटे भाग: आधी लक्षण, मग नाव

शेतकऱ्याला ‘प्रेशर स्विच’ हे नाव माहीत असेलच असं नाही. मोटर चालू-बंद-चालू-बंद होते आहे, हे मात्र त्याला नक्की कळतं. त्यामुळे सुट्या भागांच्या यादीत आधी लक्षण लिहा, मग भाग, मग माप आणि किंमत. माप नसेल तर बाकीचं सगळं वाया जातं, कारण दिसायला सारख्या दोन नोझलच्या टोप्यांचे आटे वेगळे असतात आणि आसनगावहून लोकल पकडून मस्जिदला उतरलेला माणूस चुकीचं वॉशर घेऊन परत जातो.

सगळ्यात आधी झिजतं ते नोझल. औषधाच्या भुकटीचे कण भोक मोठं करत जातात. एका मिनिटाचं माप नव्यापेक्षा दहाव्या हिश्शाने वाढलं, म्हणजे 750 चं 825 मिलीच्या वर गेलं, की नोझल बदलायचं. म्हणून नव्या नोझलचं मिनिटाचं माप लिस्टिंगमध्ये असलं की तेच पुढे शेतकऱ्याच्या तपासणीचं माप होतं. भोक तारेने किंवा टाचणीने साफ करू नये, ते वेडंवाकडं होतं. जुना दातांचा ब्रश आणि पाणी पुरतं.

गनमधून हातावर गळत असेल तर आतल्या दांड्यावरची ओ-रिंग गेलेली असते. तिची आतली गोलाई आणि जाडी व्हर्नियरने मोजून लिहा. हीच दोन मापं दिली तर ती तालुक्याच्या कुठल्याही मोटर-पंपाच्या दुकानात मिळते आणि आपल्याला कुरिअर करावं लागत नाही. तसं लिहिल्याने आपला माल कमी खपेल ही भीती सोडा. दहा रुपयांच्या रिंगेसाठी पाऊस उघडीप देईल ते दोन दिवस ज्याचे वाया जात नाहीत, तो पुढचा पंपही आपल्याकडूनच घेतो.

मोटर चालते पण पाणी येत नाही, अशी तक्रार आली की मोटर बदलण्याआधी जाळ्या बघायच्या: एक टाकीच्या तोंडाशी, एक गनच्या मुठीत, आणि काही पंपांत तळाशी तिसरी. लिस्टिंगमध्ये तिन्ही जाळ्यांच्या जागा फोटोत बाण काढून दाखवा. जाळ्या स्वच्छ असूनही तीच तक्रार राहिली तर टाकी ते पंप ही ओढनळी सैल होऊन हवा घेत असते, तिथली क्लिप आवळावी लागते. त्यानंतरच पंपाच्या पडद्याकडे वळायचं. मोटर फटाफट चालू-बंद होत असेल तर प्रेशर स्विच किंवा फार बारीक भोकाचं नोझल. आवाजच नसेल तर फ्यूज, मग स्विच, मग बॅटरी. हा क्रम लिहून दिला की निम्मे फोन येत नाहीत.

बॅटरीचं माप मिलिमीटरमध्ये द्या. 12 व्होल्टची ही छोटी बॅटरी बहुधा 151 लांब आणि 65 रुंद असते आणि यूपीएसमध्ये वापरतात त्याच मापाची असते, म्हणजे गावाजवळच्या इन्व्हर्टरवाल्याकडेही मिळते. आपल्या पंपाची खरोखर तीच आहे का, ते कप्पा उघडून मोजूनच लिहा. चार्जरचे व्होल्ट, अँपियर आणि पिनेची जाडी सांगा, आणि शिसे-आम्लाचा चार्जर लिथियम पंपाला लावू नये हेही.

प्रत्येक भागाचा फोटो स्टीलच्या फूटपट्टीशेजारी ठेवून काढा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटं पडलेलं वॉशर नाण्याएवढं आहे की बांगडीएवढं, कळत नाही.

लिहून झालेली लिस्टिंग

वरच्या मापांवरून मजकूर असा होतो:

‘पाठीवरचा बॅटरी फवारणी पंप. टाकीवर 16 लिटर लिहिलं आहे. औषध 15 च्या खुणेपर्यंत पाणी भरून 15 लिटरच्या हिशोबाने टाका. तळाशी सुमारे 350 मिली उरतं. भरल्यावर वजन 21 किलो. सोबतच्या गोल फवाऱ्याच्या नोझलने मिनिटाला 750 मिली. 60 सेंटिमीटर ओळीच्या वाढलेल्या भेंडीत एका टाकीत 3 गुंठे, एकराला 13 ते 14 टाक्या. सपाट नोझलने तणनाशक: एका टाकीत 7 गुंठे. झाड 10 फुटांपर्यंत. मोठ्या चिकू-आंब्याला चालत नाही. शिसे-आम्लाची 12 व्होल्ट 8 अँपियर-तास बॅटरी, नवी असताना 11 टाक्या. वापर नसताना महिन्यातून एकदा चार्ज करा. खोक्यात: पंप, बॅटरी (आत बसवलेली), चार्जर, गन, लान्स, गोल आणि सपाट अशी 2 नोझल, पट्टे, वॉशरची पुडी. औषधाची मात्रा बाटलीच्या लेबलप्रमाणे.’

यात ‘हाय प्रेशर’ किंवा ‘डबल मोटर’ हे शब्द आलेले नाहीत आणि त्यावाचून काही अडत नाही. दुसरी मोटर खरोखर असेल तर ती कशाला उपयोगी आहे ते मोजून लिहा: दोन्ही चालू केल्यावर मिनिटाला किती मिली आणि बॅटरी किती टाक्यांनी कमी चालते.

याशिवाय वैध मापन शास्त्राच्या 2011 च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे ऑनलाइन मालावरही उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, खोक्यातल्या नगांची संख्या, ग्राहक तक्रारीचा संपर्क आणि आयात माल असेल तर मूळ देश दाखवावा लागतो. ही माहिती मजकुराच्या शेवटी वेगळी ठेवा, वरच्या आकड्यांत मिसळू नका.

नवा लॉट आला की त्यातला एक पंप काढून टाकीचं, नोझलचं आणि गनच्या आट्यांचं माप पुन्हा घ्या. त्याच नावाच्या, त्याच रंगाच्या खोक्यात कारखाना वेगळी गन किंवा वेगळ्या भोकाचं नोझल घालतो आणि कळवत नाही. माप बदललं असेल तर जुनी लिस्टिंग तशीच ठेवून नवी वेगळी करा आणि सुट्या भागांसमोर कुठल्या महिन्यापासूनच्या पंपाला कोणता भाग बसतो ते लिहा. गेल्या वर्षी पंप घेतलेला शेतकरी या वर्षी वॉशर मागायला त्याच पानावर येणार आहे.